चौथी बाटली

दादाचा डोळा गेला त्या दिवशी मी रडले नाही. आधी त्याच्या डोळ्यात टाकायच्या औषधाची बाटली स्वच्छ पिशवीत घातली, पिशवीचं तोंड बंद केलं आणि वर तारीख-वेळ लिहिली. दवाखान्यात जमलेल्या नातेवाइकांना वाटलं, हिला काळीजच नाही. वाटू दे. मी चौतीस वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या औषध भांडारात काढली आहेत. औषधाने घात केला असा संशय आला की घरची माणसं काय करतात ते मला पाठ आहे. बाटली रागाने मोरीत ओततात, खोकं कचऱ्यात टाकतात आणि आठ दिवसांनी दुकानदाराशी भांडायला जातात. तेव्हा हातात पुरावा नसतो, नुसता आवाज असतो.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. त्याने आयुष्यभर लोकांच्या कवळ्या बनवल्या. दाताचे डॉक्टर ठसे पाठवायचे आणि दादा दिव्याखाली मान घालून एकेक दात मेणात बसवायचा. "अर्ध्या गावाचं हसू माझ्या हातचं आहे," हे त्याचं आवडतं वाक्य, आणि ते खोटंही नव्हतं. बोटांचा त्याला फार अभिमान. एक डोळा लहानपणीच गेलेला. उरलेल्या डोळ्याचं बुब्बुळ दोन वर्षांपूर्वी बदललं, आणि परकं बुब्बुळ शरीराने नाकारू नये म्हणून दिवसातून चार वेळा एक थेंब, कायमचा. या औषधाने डोळ्याची स्वतःची ताकद कमी होते, म्हणून जंतू शिरला तर तो थांबत नाही. दादाच्या डोळ्यात तो तीन दिवसांत सगळं संपवून गेला.

डॉक्टरांनी डोळ्यातला पू आणि बाटलीतले दोन थेंब प्रयोगशाळेत पाठवले. दोन्हींत एकच जंतू निघाला. डॉक्टरांनी दादाला आणि वहिनीला शेजारी बसवून विचारलं, "ही बाटली कधी उघडली होती?" वहिनीने दादाचा हात धरला होता. दादा म्हणाला, "उघडीच आली होती. सील तुटलेलं होतं. सगळ्याच बाटल्या तशा यायच्या."

माझं डोकंच फिरलं. दादा मला लहानपणापासून फटाकडी म्हणतो, ते उगाच नाही. झाकणाखालची ती प्लॅस्टिकची कडी पहिल्यांदा झाकण फिरवताना कट्कन तुटते, आणि ती आधीच तुटलेली असेल तर औषध वापरायचंच नसतं. मग दुकानाचं बिल पाहिलं तर त्यावर पेनाने लिहिलेलं, 'मुदत जवळची, ग्राहकास सांगितले'. चार बाटल्या एकदम दिलेल्या, आणि पाच महिन्यांत मुदत संपणाऱ्या. मला वाटलं, झालं, चोर हातीच लागला. जुना माल आणि वर उघडलेला.

मी तक्रार केली ती रीतसर. चौथी बाटली वापरात होती, ती मूळ स्थितीत, दवाखान्याच्या फ्रिजमध्ये, पोच घेऊन ठेवली. खोकं सुदैवाने होतं. खोक्याचे आणि बाटलीचे फोटो काढले. बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, मुदत आणि तुटलेली कडी स्पष्ट दिसेल असे. बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. दुकानदाराला तक्रारीची प्रत दिली आणि दुसऱ्या प्रतीवर त्याची सही घेतली. बाटली मात्र त्याच्या हातात दिली नाही. तो म्हणाला, "द्या ना, मी कंपनीला पाठवतो." मी म्हटलं, "फोटो पाठवा. बाटली औषध निरीक्षकांकडेच जाईल." तो चाळिशीचा, मऊ बोलणारा माणूस. बापाचं दुकान चालवतो आणि घरपोच औषधं स्वतः सायकलवरून नेऊन देतो. त्याचा चेहरा पांढरा पडला. मला त्यात अपराध दिसला.

वरच्या मजल्यावरचे काका फोनवर सगळ्यांना दुकानाच्या पाटीचा फोटो पाठवायला निघाले होते. त्यांना मी थांबवलं. "तपास व्हायच्या आत कुणाचं नाव चव्हाट्यावर मांडायचं नाही. चुकलं तर ते आपल्याच अंगाशी येतं. आणि त्या चिठ्ठीवर दादाचं नाव आहे, आजार आहे, ते जगाला कशाला?" काका हिरमुसले. पण बातमीला पाय असतातच. पंधरा दिवसांत त्या दुकानात माशा मारायची वेळ आली.

औषध निरीक्षक बाई आल्या. हळू बोलणाऱ्या, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणाऱ्या. त्यांनी मला स्वच्छ सांगितलं, "उघडलेल्या बाटलीत जंतू कधी गेला, हे ती बाटली सांगू शकत नाही. कारखान्यात, दुकानात की घरात. म्हणून मी दुकानातल्या त्याच बॅचच्या बंद बाटल्या तपासणीला पाठवते. तोवर ती बॅच विकायला बंदी." दादाचा जबाब त्यांनी लिहून घेतला. चारही बाटल्या सील तुटलेल्या आल्या, असं दादाने पुन्हा सांगितलं आणि सही केली. रेघ कुठे आहे ते मी त्याचं बोट धरून दाखवलं. वहिनी तेव्हा आत चहा करत होती. तो चहा तिने फार वेळ केला.

दादा दवाखान्यातून घरी आल्यापासून त्या घराचं मापच बदललं होतं. तो भिंतीला हात लावून चालायला शिकत होता. खुर्ची वीतभर सरकलेली असली तर त्याची नडगी आपटायची आणि तो हसायचा. "या घरात इतकं सामान आहे हे मला आजवर दिसलंच नव्हतं," म्हणायचा. मी हसायची. वहिनी हसायची नाही. ती सारखी काहीतरी पुसत असायची. ताटं, ओटा, दाराच्या कड्या. जेवायला बसली की दोन घास खाऊन उठायची. मला वाटलं, नवऱ्याचं दुःख. आणि मी तिला धीर देत होते तो कसला? "वहिनी, त्या दुकानदाराला मी सोडणार नाही."

पाच आठवड्यांनी निरीक्षक बाईंचा फोन आला. बंद बाटल्या निर्दोष निघाल्या होत्या. एकही जंतू नाही, एकाही बाटलीची कडी तुटलेली नाही. "आता प्रश्न उरला सीलचा," त्या म्हणाल्या. "चारही बाटल्या फुटलेल्या सीलच्या दिल्या असतील तर दुकानाच्या परवान्यावर नोटीस काढावी लागेल. मी तयार केली आहे. फक्त एक राहिलंय. पुडकं घरात हातात कुणी घेतलं? त्यांचा जबाब तुमच्या कागदांत नाही."

मी फोन हातात धरून उभी राहिले. चौतीस वर्षं मी नव्या मुलींना पहिला धडा हाच दिला होता, की औषध ज्याच्या हातात पहिल्यांदा पडलं त्याला आधी विचारा. मी डॉक्टरांना विचारलं, दादाला विचारलं, दुकानदाराला उभं आडवं विचारलं. पुडकं दर वेळी वहिनीने घेतलं होतं आणि तिला मी एक शब्द विचारला नव्हता. घरातलं माणूस, तिला काय विचारायचं?

वहिनी स्वयंपाकघरात डाळ निवडत होती. दादा बाहेरच्या खोलीत रेडिओ ऐकत होता. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "वहिनी, बाटल्या आल्या तेव्हा कड्या तुटलेल्या होत्या का?"

तिचे हात डाळीतच थांबले.

"नव्हत्या," ती म्हणाली. "मी तोडायची, वन्सं. आल्या आल्या. चारही."

"का?"

"त्यांना तुटत नाहीत." तिने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "बोटं गेलीत त्यांची. तीन वर्षं झाली. सांध्यांनी पार वाकली. पहिल्यांदा औषध आणलं तेव्हा अर्धा तास झटत होते त्या झाकणाशी. शेवटी बाटली भिंतीवर फेकली आणि दिवसभर बोलले नाहीत. कवळ्या करणारा माणूस, वन्सं. त्यानंतर मी पुडकं आलं की इथेच उघडायची. झाकण फिरवायची, एक थेंब तळहातावर काढून बघायची येतोय ना, आणि पुन्हा लावून ठेवायची. म्हणजे त्यांना वाटावं, आपलं आपल्याला उघडतं."

ती वाकलेली बोटं मी दर आठवड्याला पाहत होते, पण वयाची म्हणून सोडून देत होते. "ठेवायची कुठे?" मी विचारलं.

तिने बोटाने दाखवलं. भांडी घासायच्या जागेवरचं फडताळ. आत एक स्टीलचा पेला. फडताळाची फळी ओलीच असते, मी स्वतः कितीदा तिथून पेले काढलेत.

चौथी बाटली तिथे साडेतीन महिने उघडी राहिली होती. डोळ्याच्या थेंबांची बाटली एकदा उघडली की साधारण चार आठवड्यांनी टाकून द्यायची असते, मग खोक्यावरची मुदत काही का असेना. ती मुदत बंद बाटलीची. हे मला झोपेतही सांगता येईल.

"वहिनी, इतके दिवस उघडी बाटली..." मी एवढंच बोलले.

"तारीख होती ना अजून," ती म्हणाली. "सव्वा महिना होता. तुम्हीच शिकवलं होतं, वन्सं, खोक्यावरची तारीख बघायची आणि ती उलटली नाही तर बिनधास्त वापरायचं. दुकानदाराने आधीच सांगितलं होतं, मुदत जवळची आहे, नवा माल कधी येईल माहीत नाही. मी बोटांवर महिने मोजले. चौथी बाटलीसुद्धा तारखेच्या आत संपत होती. म्हणून घेतल्या."

मी शिकवलं होतं. खरंच. याच ओट्याशी उभं राहून, जरा मिजाशीतच. खोकं उलटं करून तारीख कुठे असते ते दाखवलं होतं. उघडल्यानंतरचं काही सांगितलं नाही, कारण मला वाटलं ते कुणालाही कळतं. माझ्या भांडारात प्रत्येक उघडलेल्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिल्याशिवाय मी ती पुढे जाऊ देत नसे. परक्यांच्या हजारो बाटल्यांवर मी ती तारीख लिहिली, आणि माझ्या भावाच्या घरात एकदाही पेन उचललं नाही.

मी रडले ती तेव्हा. वहिनी नाही रडली. ती म्हणाली, "मला डॉक्टरांसमोरच कळलं. पण बोलले तर त्यांना दोन गोष्टी कळणार. झाकण आजवर त्यांच्या बोटांनी उघडलंच नव्हतं ही, आणि डोळा कुणामुळे गेला ती. एक सांगितली असती, दोन कशा सांगू?"

त्या माणसाच्या परवान्यावर नोटीस निघणार होती. तक्रार मागे घ्यायची तर कारण लिहून द्यावं लागणार, आणि जबाब दादाचा, म्हणजे सही दादाचीच लागणार. मला एक क्षण वाटलं, काहीतरी गुळमुळीत लिहावं, त्याच्याकडून सही घ्यावी आणि वाचून दाखवताना दुसरंच वाचावं. त्याला कुठे दिसणार आहे? असा विचार माझ्या मनात आला, हे मी लपवत नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

मी बाहेर गेले, रेडिओ बंद केला आणि म्हटलं, "दादा, दुकानातल्या बाटल्या चांगल्या निघाल्या. तो जबाब बदलायला हवा."

तो म्हणाला, "लिही. सील मीच घरी फोडलं होतं, विसरलो होतो."

"तू नाही फोडलंस."

"तुला काय करायचंय? मी सांगतो ते लिही."

वहिनी दारात येऊन उभी होती. हाताला डाळीची पूड तशीच. "खोटं नका लिहू," ती म्हणाली. "मी फोडायची. चारही. तुम्हाला फुटत नव्हतं म्हणून."

मला वाटलं, आता हा ओरडेल. दादाने फक्त मान तिच्या आवाजाकडे वळवली.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "डॉक्टरांनी विचारलं ना, बाटली कधी उघडली, तेव्हा तुझा हात माझ्या हातात होता. एकदम गार पडला. तेव्हाच समजलो. नाहीतर मी कशाला म्हणेन, उघड्या यायच्या म्हणून? मला वाटलं, हिच्यावर कुणी बोट ठेवू नये. एवढंच डोक्यात आलं. ही फटाकडी सगळ्या जगाची सहीशिक्क्याची कागदपत्रं करत बसेल, हे काही डोक्यात आलं नाही."

"दादा, त्याचं दुकान गेलं असतं रे."

"हो," तो म्हणाला. "त्याच्याकडे मला घेऊन चल. मला माफी मागायची आहे. पण कागदावर हिचं नाव नको."

मी लिहिलं, 'बाटल्या सील शाबूत अवस्थेत मिळाल्या. सील घरात उघडण्यात आले. बाटली उघडल्यानंतर किती दिवस वापरावी याची माहिती घरातील कोणास नव्हती. दुकानदाराचा दोष नाही. आधीचा जबाब चुकीचा होता, तो मागे घेत आहे.' ते मी त्याला जसंच्या तसं वाचून दाखवलं. तिसऱ्या वाक्याशी मी अडखळले, कारण ते पूर्ण खरं नव्हतं. माहिती असलेलं एक माणूस त्या घरात दर आठवड्याला जेवायला येत होतं. मी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'मी, हा जबाब लिहून घेणारी बहीण, औषध भांडारात नोकरीस होते. ही माहिती मी दिली नाही.' निरीक्षक बाईंनी नंतर ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पोच दिली. बॅचवरची बंदी उठली.

दुकानदाराकडे आम्ही तिघं गेलो. दादाने गल्ल्यापाशी उभं राहून हात जोडले, पण ते जरा चुकीच्या दिशेला. दुकानदार गल्ल्यामागून बाहेर आला आणि त्या हातांसमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "काका, मीही सांगायला हवं होतं, उघडल्यावर महिनाभरच. चार बाटल्या एकदम दिल्या तेव्हा तरी." त्याची गिऱ्हाइकं परत यायला वर्ष गेलं. काही आलीच नाहीत.

वहिनीने त्यानंतर औषधाला हात लावायचंच सोडलं. दृष्टी गेली तरी डोळा दुखायचा, कोरडा पडायचा, म्हणून दुसरे थेंब चालू होते. पहिली बाटली दवाखान्यातल्या नर्सनेच उघडून दिली होती. ती चार आठवड्यांनी मी टाकली. नवी बाटली आली तेव्हा मी तिथेच होते. कडी शाबूत आहे हे वहिनीने बघितलं, पुन्हा बघितलं, आणि बाटली तशीच दादाच्या हातात ठेवून ती दोन पावलं मागे सरकली.

दादाने झाकण धरलं. बोटं त्यावरून घसरली. त्याने सदऱ्याच्या टोकाने धरून पाहिलं. मग दोन्ही तळहातांत धरून पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला. मी पुढे होणार होते, पण वहिनीने माझा दंड धरला. ती स्वतःही पुढे झाली नाही. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, आणि तो त्या एवढ्याशा कडीशी झटत राहिला.

मग तो थांबला. बाटली तळहातावर ठेवून त्याने हात पुढे केला.

"मला जमत नाही," तो म्हणाला. "तू फोड."

वहिनी हलली नाही. तो हात तसाच धरून बसला. खूप वेळ. शेवटी तिने बाटली घेतली, साबणाने हात धुतले, पुसले, आणि त्याच्या शेजारी बसून झाकण फिरवलं. कडी तुटल्याचा आवाज त्या खोलीत आम्हा तिघांनाही ऐकू गेला. दादाने मान मागे टाकली आणि डोळा उघडा धरला. मी पेन काढून बाटलीवर त्या दिवसाची तारीख लिहीपर्यंत वहिनीला थांबावं लागलं, कारण मला अक्षर नीट काढता येत नव्हतं.